तुम्ही विचारलंत म्हणून: तीन महिन्यांनी शीट उघडून मी नेमकं काय बघते

"ताई, पगार येतोय, एसआयपी चालू आहे, पीएफ कापला जातोय, पण आपण पुढं चाललोय का जागेवरच आहे तेच कळत नाही. तुमच्या त्या शीटमध्ये असतं काय आणि तीन महिन्यांनी बघता काय?"

सहा ओळी असतात. घर, म्युच्युअल फंड, पीएफ, आरडी, बचत खातं आणि शेवटी होम लोन, ते उणे चिन्ह लावून. प्रत्येक ओळीपुढं तीन आकडे: B मध्ये तिमाहीच्या सुरुवातीची रक्कम, C मध्ये शेवटची, आणि D मध्ये मधल्या तीन महिन्यांत मी स्वतः त्यात किती घातले. सगळी गंमत या D मध्ये आहे. बहुतेक जण फक्त B आणि C लिहितात, बेरीज वाढली की खूश होतात, पण ती वाढ आपल्या बचतीची की बाजार चढला म्हणून, हे त्यातून कळतच नाही.

घर मी घेतलं त्याच किमतीला ठेवलंय, २८ लाख, आणि तो आकडा हलवत नाही. गल्लीतलं कोण काय भावानं विकलं म्हणतंय त्यावर माझा हिशोब कशाला हलवू? पण लोन धरायचं आणि घर सोडायचं असंही करू नका, धरायचं तर दोन्ही धरायचं.

आता एक तिमाही आकडे घालून दाखवते, एप्रिल ते जून. हातात येणारा पगार ६२,०००. बेसिक ३०,००० आहे, म्हणजे माझा पीएफ १२ टक्क्यांनी ३,६००, आणि कंपनीच्या ३,६०० मधले १,२५० पेन्शनकडे जातात म्हणून पीएफमध्ये २,३५० येतात. हे पण माझंच उत्पन्न, म्हणून महिन्याचं धरायचं ६७,९५० आणि तिमाहीचं २,०३,८५०.

D मध्ये काय आलं बघा. एसआयपीचे ३०,०००, आरडीचे १२,०००, पीएफचे १७,८५०. होम लोनचा हप्ता १८,००० चा आहे पण त्यातलं व्याज हा खर्च, मुद्दल तेवढीच बचत, ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये वेगळं दिसतं, तीन महिन्यांचं मिळून २४,४००. बचत खातं ८५,००० वरून ७६,००० वर आलं, जूनमध्ये शाळेची फी भरली ना, म्हणून तिथं उणे ९,०००. घरापुढं शून्य. एकूण ७५,२५०. त्याला उत्पन्नानं भागलं की बचतीचा दर आला ३६.९ टक्के.

```
=SUM(D4:D9)/D12
```

(D12 मध्ये तिमाहीचं उत्पन्न.) आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हे, म्युच्युअल फंडाच्या ओळीत असं:

```
=C5-B5-D5
```

फंड ६,८०,००० वरून ७,५१,००० झाला, त्यातले ३०,००० मी घातलेले, म्हणजे बाजारानं दिले ४१,०००. लोनच्या ओळीत हेच उत्तर शून्य यायला हवं, नाही आलं तर मुद्दलाचा आकडा चुकलाय. पीएफचं व्याज वर्षातून एकदाच जमा होतं, त्यामुळं तिथं एखाद्या तिमाहीत अचानक उडी दिसेल, ती चूक नाही.

तर माझी नेट वर्थ, म्हणजे सहाही ओळींची बेरीज, २८,३५,००० वरून २९,५१,२५० झाली, वाढ १,१६,२५०, त्यातले ७५,२५० माझे आणि ४१,००० बाजाराचे. पुढच्या तिमाहीत बाजार तेवढाच खाली गेला तर वाढ ३४ हजारच दिसेल, पण माझे ७५ हजार तसेच असतील तर मी काही चुकलेली नाही. उलट बाजार चढताना माझा आकडा ५० हजारांवर आला तर बेरीज कितीही छान दिसू दे, घरात काहीतरी सुटलंय.

सोनं मी मुद्दाम या बेरजेत घेत नाही. कोल्हापूरच्या गुजरीतून घेतलेले दागिने आहेत, त्यांची ओळ खाली वेगळी, नुसतं वजन लिहिलेलं, घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नसतं म्हणून ते धरायचंच नाही. भाव चढले की सोनं एकटंच सगळी बेरीज वर ओढतं आणि मागं बचत घसरली तरी दिसत नाही. एलआयसीची पॉलिसी असेल तर आज बंद केली तर हातात काय येईल तो आकडा लिहा, बॉन्डवरची विम्याची रक्कम नव्हे.

या शीटमध्ये रोजचा खर्च लिहायचाच नाही, भाजी किती नि पेट्रोल किती काही नाही. उत्पन्नातून बचत वजा केली की खर्च आपोआप निघतो: २,०३,८५० वजा ७५,२५०, म्हणजे १,२८,६००, महिन्याला जवळजवळ ४२,९००. आणि हाच आकडा चूक पकडून देतो. एका वर्षी माझ्या बचतीचा दर एकदम दुप्पट दिसला, मला तर भारीच वाटलं, पण खर्च बघितला तर तीन महिन्यांचा ४५ हजाराच्या आसपास, आणि त्यात नुसतं लोनचं व्याजच ३० हजाराच्या जवळ. पंधरा हजारात चौघांचं घर तीन महिने चालतंय होय! शोधलं तर भिशी. वीस जणींची, पाच हजारांची, माझा नंबर चौथ्या महिन्यात लागला आणि एक लाख खात्यात आले. चार हप्ते भरलेले, सोळा राहिलेले, म्हणजे त्यातले ८०,००० उधारच होते. तेव्हापासून भिशी चालू असेल तेव्हा तिची ओळ वेगळी धरते: नंबर लागायच्या आधी भरलेले पैसे अधिक, लागल्यावर राहिलेले हप्ते उणे.

बचतीचा दर आणि वाढीतले माझे किती, बाजाराचे किती, हे दोन झाले. तिसरा आकडा, पगार थांबला तर किती महिने निघतील. खर्च ४२,९०० आणि लोनचं मुद्दल ८,१००, म्हणजे महिन्याला ५१,००० लागणारच. बचत खातं आणि आरडी मिळून २,३८,०००, भागिले ५१,०००, साडेचार महिन्यांच्या थोडं वर. मला सहा हवेत. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा कुणाचं काय अडलं ते मी जवळून बघितलंय. हे पैसे मी बँकेतच ठेवते, पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं मान्य, पण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा असतो तो पतसंस्थेला लागू नाही.

बास, एवढे तीनच. आणि पीएफ, मुद्दल ही बचत आपसूक होते, आपल्या हातात नसते, म्हणून कधीकधी ते दोन्ही सोडून हातातल्या पगारावर दर काढून बघते. त्या तिमाहीत १,८६,००० वर ३३,०००, म्हणजे १७.७ टक्केच. शाळेच्या फीनं तो खाली आणला होता. फी २७,००० आहे आणि दर जूनला येणारच आहे, म्हणून जुलैपासून २,२५० ची वेगळी आरडी सुरू केली, शीटमध्ये तिची सातवी ओळ झाली.