दारातला मुलगा ओळखीचा की अनोळखी?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवलं जातं. मी पुढे इंग्रजीचीच शिक्षिका झाले, आणि उत्तरपत्रिका तपासताना अजूनही दिसतं की ‘माय फादर इज फार्मर’ तसंच आहे, ‘फार्मर’च्या आधीचा ‘अ’ गळलेला. नवल म्हणजे रिकाम्या जागा भरताना तोच मुलगा चुकत नाही. तिथे जागा आखून दिलेली असते. पत्रात किंवा निबंधात ती आपली आपल्याला दिसावी लागते, आणि ‘बाबा शेतकरी आहेत’ या वाक्यात मराठी माणसाला काही कमी आहे असं वाटतच नाही.

याचं कारण आमच्या इंग्रजीच्या सरांनी आठवीत दाखवलं होतं. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, तीही मराठी: ‘दारात मुलगा उभा आहे’ आणि ‘मुलगा दारात उभा आहे.’ कुठला मुलगा आपल्या ओळखीचा, असं विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, दुसरा. पहिला कुणीतरी, म्हणून ‘देअर इज अ बॉय अॅट द डोअर’. दुसरा ठाऊक असलेला, म्हणून ‘द बॉय इज अॅट द डोअर’. मग त्यांनी ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ ही जोडी दिली. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीकच हवेत. म्हणजे हा फरक आपण रोज करतो, पण शब्दांच्या क्रमाने आणि प्रत्ययाने. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द लिहावा लागतो, म्हणून लिहिताना तो गळतो. (‘ला’, ‘ना’ची खूण सगळीकडे चालत नाही, ‘भिकाऱ्याला पैसे दिले’मध्ये ‘ला’ असूनही भिकारी अनोळखी असू शकतो. क्रमाची खूण जास्त उपयोगी.)

पुस्तकातला नियम मात्र अर्धाच शिकवला जातो: पहिल्यांदा ‘अ’, दुसऱ्यांदा ‘द’. तक्रारीचं पत्र घ्या. मुलं लिहितात, ‘आय बॉट अम्ब्रेला फ्रॉम युवर शॉप. अम्ब्रेला डिड नॉट ओपन. हँडल वॉज लूज.’ पहिली छत्री दुकानातल्या अनेकांपैकी एक, म्हणून ‘अॅन अम्ब्रेला’. दुसऱ्या वाक्यात ती ठरली, म्हणून ‘द अम्ब्रेला’. आता दांडा. तो तर पहिल्यांदाच आला, म्हणून नियम पाठ केलेली हुशार मुलं ‘अ हँडल’ लिहितात आणि गुण घालवतात. पण छत्री म्हटली की दांडा आलाच, आणि तो एकच. वाचणाऱ्याला कुठला ते कळतं. म्हणून ‘द हँडल’. विचारायचं ते एवढंच: वाचणाऱ्याला नेमका कुठला, हे कळतंय का? कितव्यांदा आला, हे मोजायचं नाही.

कळत नसेल तर आणखी एक प्रश्न: ही वस्तू एक, दोन, तीन अशी मोजता येते का? येत असेल आणि एकच असेल, तर नाम उघडं सोडायचं नाही. शेतकरी मोजता येतो, म्हणून ‘अ फार्मर’. प्रामाणिकपणा मोजता येत नाही, म्हणून ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’. ‘द’ गळतो हे एकदा कळलं की काही मुलं तो सगळीकडे पेरतात आणि ‘द ऑनेस्टी’ लिहितात. ‘आय लव्ह द नेचर’ त्याच घरातलं.

‘अ’ की ‘अॅन’ यासाठी सरांची युक्ती मी आजही शिकवते: शब्द देवनागरीत लिहून पाहा. ‘अवर’, ‘ऑनेस्ट मॅन’, ‘एमएलए’ स्वराने सुरू होतात, म्हणून ‘अॅन’. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘वन-रुपी कॉइन’ व्यंजनाने, म्हणून स्पेलिंग काहीही असो, ‘अ’. एका ठिकाणी ही युक्ती फसवते. ‘इयर’ आपण ‘इ’ने लिहितो, पण वर्ष या अर्थी इंग्रजीत त्याची सुरुवात ‘य’च्या उच्चाराने होते. म्हणून ‘अ इयर’. कानाचा ‘इयर’ मात्र ‘अॅन इयर’.

परीक्षेत लिहितानाच हे सगळं सांभाळणं जमत नाही, आणि मुलांकडून ती अपेक्षा मी ठेवत नाही. लिहून झाल्यावर एक वाचन फक्त नामांसाठी ठेवावं. प्रत्येक एकवचनी नामावर पेन्सिलीचं टोक ठेवावं आणि डावीकडे ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असं काही आहे का ते पाहावं. काहीच नसेल तर वरचे दोन प्रश्न विचारावेत. ‘बाय बस’, ‘अॅट होम’, ‘गो टु स्कूल’ असे ठरलेले प्रयोग यात बसत नाहीत. ते वेगळ्या पानावर लिहून पाठच करावे लागतात. त्यातही शिकायला जाणारा मुलगा ‘गोज टु स्कूल’, पण त्याच्या शिक्षकांना भेटायला आलेली आई ‘गोज टु द स्कूल’.