पुऱ्या साडेचारशे आणि पाणी पाच लिटर

गाडीवर पाणीपुरीची सहा पुऱ्यांची प्लेट लावणं वेगळं आणि घरच्या पार्टीला चाळीस माणसं सांभाळणं वेगळं. जुलैत डिचोलीला एका घरी मुलाचा बड्डे होता. वहिनींनी फोनवर सांगितलेलं, पुऱ्या, सारण आणि गोड चटणी तुम्ही आणा, पाणी आम्ही घरीच करतो, सासूबाईंच्या हातचं सगळ्यांना आवडतं. म्हटलं चालेल.

घरच्या ऑर्डरला मी पुऱ्या प्लेटवर मोजत नाही, माणसावर मोजतो. गाडीवर सहा झाल्या की पुढच्या प्लेटचे पैसे पडतात म्हणून हात थांबतो, घरात कोण थांबतंय. बारा पोरं होती, त्यांना सहा-सहा म्हणजे ७२. मोठे २८, त्यांना बारा-बारा म्हणजे ३३६. (कोण वीस हाणतो, कुठली आजी चारवर पुरे म्हणते, पण सरासरी साधारण बाराच्या आसपासच येते.) झाल्या ४०८, वर फुटक्या आणि न फुगलेल्या निघतातच म्हणून ४५० घेतल्या. सारण पुरीला दहा ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा जरा शिगेला भरून. चार किलोच्या वर लागणार होतं. एक किलो सुके पांढरे वाटाणे रात्रभर भिजवून शिजवले की सव्वादोन किलोपर्यंत रगडा होतो, त्यात दोन किलो बटाटा, हिशोब बसला.

तिकडे जाऊन बघतो तर पाण्याचं एकच पातेलं, पाचेक लिटरचं. वहिनी म्हणतात, एवढं पाणी पितंय कोण, पुरीत मावतं किती! वाद घालण्यापेक्षा मी मापाचा कप मागितला, एका वाडग्यात अर्धा लिटर पाणी काढलं, दहा पुऱ्या नेहमीसारख्या भरल्या, बुडवल्या आणि आजूबाजूला घुटमळणाऱ्या पोरांना दिल्या. उरलेलं परत मापलं तर अडीचशे मिली. म्हणजे पुरीला पंचवीस मिली, त्यात पोटात जातं ते आणि बोटांवरून, प्लेटमध्ये गळतं ते, सगळंच आलं. पुरी मोठी असेल किंवा सारण कमी भरलं तर आकडा अजून वाढतो. ४०८ पुऱ्यांना दहा लिटर, आणि शेवटी वाटीत नुसतं पाणी मागणारे असतातच, त्यांचं दोन लिटर. सासूबाई लगेच म्हणाल्या, मग घाल अजून पाणी. पण तसं नाही ना होत, पाच लिटरच्या मसाल्यात बारा लिटर केलं तर नुसतं हिरवट मीठपाणी उरतं.

पुदिना संपलेला. पण गोव्यातल्या घरात कोकमाची सोलं नाहीत असं होत नाही. दोन मोठ्या वाट्या सोलं कोमट पाण्यात भिजत घातली, चांगली कोळून गाळली, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वाटलेली हिरवी मिरची-आलं आणि थोडा गूळ, असं सात लिटर लाल पाणी तयार केलं. चव चमच्याने नाही बघायची, सारण भरलेल्या पुरीतून बघायची, कारण रगडा आणि बटाटा मीठ खातात. चमच्याने थोडं खारट लागलं तर ते बरोबर असतं. आणि गार झाल्यावर परत बघायची, गारव्याने चव दबते.

गार करायला यजमानांनी बर्फाची लादी आणून ठेवलेली, तीच जी मासळीवाल्यांकडे जाते. तोडून पाण्यात टाकणार एवढ्यात मी अडवलं. ती लादी पिण्यासाठी नसते, आणि चांगला बर्फ असता तरी वितळून पाणी पातळ झालंच असतं. लादीचे तुकडे टबात टाकले, पातेली त्यात बुडतील अशी ठेवली, अर्ध्या तासात दोन्ही गार. वहिनी हिरव्या पाण्यात लिंबू पिळायला आल्या, त्यांना म्हटलं वाढायच्या आधी पिळा, आता पिळलं तर पुदिना काळपट पडेल.

आता पुऱ्या. पावसात पाकीट उघडून ठेवलं की सादळायला वेळ लागत नाही, म्हणून एक संपल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही. भाचीने मदतीच्या उत्साहात दोन पाकिटं परातीत ओतून ठेवली होती. त्यातली एक दाबली तर कट्ट आवाज नाही, नुसती चेपली. सगळ्या कोरड्या कढईत मंद आचेवर परतून, पंख्याखाली पूर्ण गार करून घेतल्या. गरम असतानाच डब्यात भरल्या तर आतल्या वाफेने परत मऊ.

गंमत म्हणजे हिरव्याच्या आधी लाल पाणी संपलं. मुंबईहून आलेले एक काका वाटीवर वाटी मागत होते. फुटक्या पुऱ्यांची पोरांनी शेवपुरी करून घेतली. निघताना वहिनींनी पुढच्या वेळचा रेट विचारला, माणशी किती. म्हटलं माणशी नको वहिनी, पुरीवर बोलूया, काकांना परत बोलावणार असाल तर.