दहा फूट दहा इंच

आज बेसा साइटवर स्लॅबच्या काँक्रीटचं माप काढून राहिलो होतो, प्लॅन फूट-इंचात अन् सेक्शन मीटरमध्ये. नव्या पोराने 10'-10" ला 10.10 फूट धरलं, त्याचे झाले 3.08 मीटर. अरे बाप्पा, एका फुटात शंभर नाही, बारा इंच असतात ना! आधी सगळ्याचे इंच कर म्हटलं, 10 गुणिले 12, त्यात 10, झाले 130, गुणिले 0.0254, म्हणजे 3.302 मीटर. एकाच खोलीत 22 सेंटीमीटर गायब! मग सेक्शनमधल्या मीटरच्या मापाशी ताडून पाहिलं, तेव्हा जुळलं. आता शीटवर फूट अन् इंचाचे वेगळे रकाने केले, रुपांतर झाल्यावरच गुणाकार.