जोडबिंदूपाशी अर्धा मिलीअँपिअर कुठे जातो?

मागच्या नोंदीतलंच सर्किट ब्रेडबोर्डवर आहे: फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये ६८० ओहम, त्यापुढे १०० आणि १५० ओहम पॅरललमध्ये. कपाशीची फवारणी थांबली की ही बॅटरी नुसती पडूनच असते, आणि एवढ्याशा करंटने तिचं व्होल्टेज हलत नाही. फक्त चार्जरवरून काढल्या काढल्या मोजायला बसू नका. तेव्हा ती १३च्या आसपास दाखवते आणि मोजता मोजता उतरत जाते. काही तास ठेवल्यावर १२.६० वर स्थिरावली.

कागदावरचा हिशेब सरळ आहे. १०० आणि १५० चा पॅरलल रोध ६० ओहम, एकूण ७४०. मुख्य करंट १२.६ भागिले ७४० म्हणजे १७.०३ मिलीअँपिअर. जोडबिंदूवर ६० ओहमच्या वाट्याला १.०२ व्होल्ट येतात, म्हणून १०० मधून १०.२२ आणि १५० मधून ६.८१. बेरीज जुळते.

मीटरवर मात्र जुळेना. २० मिलीअँपिअरच्या रेंजवर मुख्य तारेत १६.८०, १०० च्या फांदीत ९.७८, १५० च्या फांदीत ६.५४. फांद्यांची बेरीज १६.३२. म्हणजे जोडबिंदूत शिरतो त्यापेक्षा जवळपास अर्धा मिलीअँपिअर कमी बाहेर पडतोय.

पहिला संशय सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरवर जातो. पण पाच टक्क्यांची चूक इथे दोषी असूच शकत नाही. रेझिस्टर कितीही चुकीचा असला तरी जोडबिंदूत शिरणारा करंट बाहेर पडणाऱ्या करंटाएवढाच राहतो. किरचॉफचा पहिला नियम रोधाच्या किमतीवर अवलंबून नाही. ब्रेडबोर्डची ढिली पकडही नाही, कारण तिने आकडे थरथरले असते. इथे ते प्रत्येक वेळी तेच येत होते.

दोष मीटर लावण्यात निघाला. ८३० जातीच्या स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये २० मिलीअँपिअरच्या रेंजला आत साधारण १० ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा रेझिस्टर असतो. १०० च्या फांदीत मीटर घातला की ती फांदी ११० ची होते, पॅरलल जोड ६३.५ चा होतो आणि त्या फांदीत ९.७८ च उरतात. अगदी मोजलेला आकडा! मीटर दुसऱ्या फांदीत नेला की पहिली परत १०० ची होते आणि दुसरी १६० ची. म्हणजे तीन वाचनं तीन वेगवेगळ्या सर्किटांची होती, आणि त्यांची बेरीज जुळायचं काही कारणच नव्हतं.

२०० मिलीअँपिअरच्या रेंजला शंट एकच ओहमचा असतो. तिथे १७.०, १०.२ आणि ६.८ आले. जुळलं, आणि फार बरं वाटलं. पण एकच दशांश स्थान मिळतं, त्यावर समाधान होईना.

मग ठरवलं की तिन्ही वाटांत १० ओहमचा रेझिस्टर ठेवायचा आणि जिथे मोजायचं तिथला काढून मीटर बसवायचा, म्हणजे सर्किट बदलणार नाही. हे लिहिता लिहिताच त्याहून सोपी वाट सुचली. रेझिस्टर काढायचाच कशाला? तिन्ही १० ओहम कायम ठेवायचे आणि २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर त्यांच्या टोकांमधलं व्होल्टेज वाचायचं. मिलिव्होल्ट भागिले दहा म्हणजे मिलीअँपिअर. व्होल्टेजच्या रेंजवर मीटरचा रोध १० लाख ओहम असतो, त्याने सर्किटला धक्का लागत नाही. नवा हिशेब: सिरीजमध्ये ६९०, फांद्या ११० आणि १६०, एकूण ७५५.२ ओहम. वाचन यायला हवं १६६.८, ९८.९ आणि ६८.० मिलिव्होल्ट. तिन्ही आले, शेवटच्या अंकाच्या फरकाने. एका फेरीतल्या व्होल्टेजची बेरीज बॅटरीएवढी येते हा किरचॉफचा दुसरा नियमही लगेच तपासला: ६८० वर ११.३५, त्याच्या १० ओहमवर ०.१७, पॅरलल जोडावर १.०९, मिळून १२.६१. शंभरांशाचा फरक आकडे पूर्ण केल्याचा आहे.

यात एकच अट आहे, तिन्ही १० ओहम एकमेकांशी जुळलेले हवेत. मीटरच्या ओहम रेंजवर हे कळत नाही, कारण प्रोबच्या तारांचाच रोध त्यात मिसळतो. त्याऐवजी मूठभर रेझिस्टर ६८० सोबत एकाच सिरीजमध्ये लावा. सगळ्यांतून एकच करंट जातो, तेव्हा ज्या तिघांवर सारखे मिलिव्होल्ट दिसतील ते निवडा. एक टक्क्याचे निळे मेटल फिल्म घेतले तर निवड लवकर होते. तालुक्याच्या दुकानात बहुधा पाच टक्क्यांचे कार्बनच मिळतात; निळ्यांची एक पट्टी नागपूरहून मागवून ठेवलेली बरी.

बोर्ड सोल्डर करायचा बेत आता पुढे ढकलतो. आधी दोन फांद्या मधोमध तोडून त्यांच्यात आडवा रेझिस्टर घालायचा आहे. तिथे सिरीज-पॅरललची बेरीज चालत नाही, दोन्ही नियमांची समीकरणं मांडूनच करंट काढावे लागतात. आडव्या वाटेतही १० ओहम बसवणार, म्हणजे करंट कोणत्या दिशेने वाहतो ते मीटरच्या उणे चिन्हावरूनच कळेल.