मूठ आणि सम

"मॅडम, ज्या पोट्ट्याची मूठच उघडत नाही त्याला संगीताच्या तासाला तुम्ही वाजवायला देता तरी काय?"

डफ देते. चौथीतला मुलगा आहे, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर असतो, उजवा हात त्यातल्या त्यात चालतो पण मूठ घट्ट मिटलेली. सुरुवातीला मी त्याचा हात धरून डफावर मारायचे, आवाज यायचा, पण तो भलतीकडेच बघत असायचा, कारण वाजवत मी होते ना, तो नाही. ते बंद केलं.

आता काठीवर एसीच्या पाइपला असतो तो काळा फोम चढवलाय, दांडा जाड झाला की धरायला जोर कमी लागतो. मूठ उघडायला बोटं ओढायची नाहीत, ओढली की अजून आवळतात. त्याच्या थेरपिस्ट ताईंनी दाखवलं, मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं आपोआप सैल होतात, तेवढ्यात काठी सरकवायची. वरून वेल्क्रोची पट्टी, आत माझं एक बोट जाईल एवढी सैल, आणि आपल्याकडच्या उन्हात घाम येतो म्हणून दर दहा मिनिटांनी काढून बघते, लाल वळ दिसला तर त्या दिवशी पट्टी नाही. डफ ट्रेवर बरोबर छातीसमोर ठेवते, बाजूला ठेवला तर मान वळते आणि त्याच्या बाबतीत मान वळली की हात त्याच्या मनाविरुद्ध ताणला जातो.

पण खरी अडचण वेळेची. "वाजव" म्हटल्यापासून काठी डफावर पडेपर्यंत त्याला साधारण तीन सेकंद लागतात, मी घड्याळ लावून मोजलंय. म्हणून आठ मात्रांचा केरवा ताल 60 च्या लयीत ठेवते, म्हणजे एका सेकंदाला एक मात्रा, आणि त्याला इशारा देते सहाव्या मात्रेला. सहा, सात, आठ, आणि एकला धा, तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर! बाकी मुलं टाळ्यांनी मात्रा धरतात, सम मात्र त्याची एकट्याची, ती दुसरं कोणी वाजवत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या प्रोग्रामच्या तालमीत मुलं जोशात आली, लय 90 च्या आसपास गेली आणि त्याचा ठोका दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेच्या मधे पडायला लागला. "मॅडम, हा चुकते!" तो कुठे चुकत होता, त्याचे तीन सेकंद तेच होते, पण त्या लयीत तीन सेकंदांत साडेचार मात्रा होतात, आम्ही पुढे पळालो होतो. तेव्हापासून मोबाइलवर मेट्रोनोम चालू असतो. ठोका समेच्या मागे पडायला लागला की आधी वर्गाची लय तपासते, त्याला नाही.

आणि रोज तीन सेकंद नसतात बरं का. झोप झाली नसेल किंवा फार एक्साइट झाला असेल तर हात जास्त आवळतो, चार लागतात, मग इशारा पाचव्या मात्रेला. म्हणून तासाच्या सुरुवातीला तीन ठोके नुसते मोजायचे, मग ताल.