खन्थेक मेइल, भाग 3: एका 'आहे'ने खाल्लेले अकरा दिवस

मंडळी, भाचीच्या पत्राचं घोडं एकदाचं पुढे सरकलं. मागच्या वेळी "मधल्या वाक्यात अडकलेय" एवढंच लिहून मी पळ काढला होता. ते वाक्य काल रात्री सुटलं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आठवण म्हणून एवढंच: भाची पुण्यात एमएस्सी करतेय आणि कोरियातल्या डेजॉनमधल्या एका प्राध्यापकांच्या बॅटरीवरच्या लॅबमध्ये मास्टर्सला जागा आहे का, हे तिला विचारायचंय. असं प्राध्यापकांना आधी लिहायचं पत्र म्हणजे खन्थेक मेइल. तिचं इंग्रजी पत्र नेटकं होतं. ते कोरियनमध्ये करायची खाज माझी.

सुरुवात सोपी गेली. 'डिअर'चं काही करायचं नाही, आडनावापुढे ग्योसुनिम, म्हणजे मानाने 'प्राध्यापक', लावायचं आणि शेवटी 'ला' या अर्थाचं मानाचं 'क्के' जोडायचं. अख्ख्या पत्रात 'तुम्ही' हा शब्द एकदाही नाही. जिथे इंग्रजीत 'युअर' आहे तिथे प्रत्येक वेळी पुन्हा ग्योसुनिम. मराठीत आपण "सरांचा पेपर वाचला" असं खुद्द सरांनाच म्हणतो, त्यामुळे हे मला जड गेलं नाही. लॅबला शिल्होमशिल नाही, योन्गुशिल. पहिला शब्द प्रयोगाच्या खोलीचा आहे, दुसरा प्राध्यापकांच्या संशोधन गटाचाही.

आता ते वाक्य. इंग्रजीत होतं, "आय वॉज वंडरिंग इफ यू माइट हॅव ॲन ओपनिंग इन युअर लॅब." पहिल्या झटक्यात मी हे लिहिलं:

```
교수님 연구실에 자리가 있습니까?
```

व्याकरणाला काही बोट ठेवता येणार नाही. पण हे उन्नीला दाखवलं (देगूची माझी भाषामैत्रीण, स्वतः लॅबमध्ये दोन वर्षं काढलेली) तर ती हसतच सुटली. जारी म्हणजे जागा, म्हणजे बसायचीसुद्धा. एसटीत रुमाल टाकायच्या आधी विचारतो तसा हा प्रश्न झाला. शिवाय सरळ प्रश्नचिन्ह! थोरांना पहिल्याच पत्रात तोंडावर प्रश्न टाकायचा नसतो. 'असा बेत आहे का, हे विचारावं म्हणून लिहितेय' असा तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात ठेवायचा.

मग मी 'वंडरिंग'च्या मागे लागून गुंगुमहाम्निदा लावलं. चुकीचं नाही, पण त्यात माझं कुतूहल पुढे येतं आणि प्राध्यापक मागे राहतात. उन्नीने योत्चुप्ता सुचवलं. थोरांना विचारायचं ते योत्चुप्ता, बाकीच्यांना मुत्ता. कपाळावर हात मारला, कारण हे क्रियापद आपण पहिल्या भागातच बघितलं होतं.

त्यानंतर आला तो घोळ. 'सरांचा बेत आहे का' या वाक्यातल्या 'आहे'ला मान द्यायचा तर इत्ताचं आदरार्थी रूप गेशिदा, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं. म्हणून मी लिहिलं ग्येहोगी गेशिनजी. वाचायला इतकं सभ्य वाटलं की मी स्वतःवर खूश झाले. शब्दलेखन तपासणीतूनही ते बिनतक्रार पार पडलं. मी आठ दिवस त्याच्या आजूबाजूचे शब्द बदलत बसले, आणि दरवेळी उन्नी म्हणे, "काहीतरी खटकतंय." काय खटकतंय ते तिलाही सांगता येईना. मातृभाषिकांचं हे असंच असतं. 'सरांची गाडी आल्या' का चूक, हे मला तरी कुठे चटकन सांगता येईल?

शेवटी राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेच्या 'ऑनलाइन कानादा'वर जुनी प्रश्नोत्तरं चाळली. (माझं ठाम मत: कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा हे सदर आणि त्याच संस्थेचा मोठा शब्दकोश ही जोडी बरी. फुकट आहे आणि कारण सांगते.) तिथे उलगडा झाला. गेशिदा फक्त तेव्हा, जेव्हा जे 'आहे' ते स्वतः मानाचं माणूस असतं: प्राध्यापक खोलीत आहेत. पण बेत, वेळ, प्रश्न, मुलं अशी त्यांच्याकडची गोष्ट 'आहे' असेल तर इस्सुशिदा. बेताला उठून नमस्कार करायचा नाही, पण तो सरांचा आहे म्हणून क्रियापदात 'शि' घालून मान त्यांच्यापर्यंत पोचवायचा.

मराठी कान इथे फसतो, कारण आपल्याकडे दोनच पायऱ्या आहेत. "सर आत आहेत" इथे मान. "सरांना वेळ आहे" इथे क्रियापद वेळेच्या मागे जातं आणि मान गळतो. कोरियनमध्ये त्या दोन्हींच्या मध्ये तिसरी पायरी आहे. हे कळल्यावर कॉफीच्या दुकानातलं 'कॉफी आल्या आहेत' छाप वाक्य कोरियन लोक का हसण्यावारी नेतात तेही कळलं. तिथे 'शि' ग्राहकाऐवजी कपाला लागतो.

मग मी 'घेण्याचा' या क्रियापदालाही 'शि' लावला आणि 'असण्या'लाही. उन्नी म्हणाली, चालेल, पण तूप जास्त झालं. 'विद्यार्थी घेण्याचा बेत' ऐवजी 'विद्यार्थिभरतीचा बेत' असं नाम केलं की पहिला 'शि' आपोआप जातो. अंतिम वाक्य:

```
다름이 아니라, 혹시 2026학년도 후기에 석사과정 학생 모집 계획이
있으신지 여쭙고자 메일 드립니다.
```

सुरुवातीचं दारुमी आनिरा बघा. शब्दशः 'दुसरं काही नाही, तर'. म्हणजे आपलं 'पत्रास कारण की'! इंग्रजी पत्रात याला जागाच नव्हती, मी वरून घातलं, आणि पत्र पहिल्यांदा पत्रासारखं वाटलं. होक्शी म्हणजे 'चुकूनमाकून', 'माइट'चं सगळं काम तो एकटा करतो. हुगीकडेही लक्ष असू द्या. तिथलं शैक्षणिक वर्ष मार्चला सुरू होतं, म्हणून इंग्रजीतला 'फॉल' म्हणजे वर्षाचा उत्तरार्ध, सप्टेंबर. पूर्वार्ध तो जन्गी. हे उलटं झालं असतं तर सगळी सभ्यता पाण्यात.

शेवट पटकन उरकला. 'उत्तराची वाट बघते' काढून टाकलं, कारण त्यात तगादा येतो. त्याऐवजी व्यापातून पत्र वाचल्याबद्दल आभार. सुगोहासेयो, म्हणजे 'कष्ट घेत राहा', तर नाहीच, ते थोरांना म्हणत नाहीत. सहीपुढे 'सादर' या अर्थाचं दुरिम नाही, त्याहून मानाचं ओल्लिम.

```
바쁘신 가운데 메일 읽어 주셔서 감사합니다.
```

(हे सगळं टंकताना कीबोर्डवरचे हांगुल स्टिकर निम्मे निघून हाताला लागले. कुठून घेतले ते सांगत नाही, पण पारदर्शक घेऊ नका.)

एवढं लिहून इथे टाकणार, तोवर भाचीचा फोन. "मावशी, त्यांनी कोरियनमध्येच फोन केला तर?" टोपिक या कोरियनच्या परीक्षेत तिची दुसरी पातळी, आणि पत्र असं की लिहिणारी पाचव्या पातळीची वाटावी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून बेत बदलला: कोरियन भाग पाच ओळींचा, खाली तिचं मूळ इंग्रजी पूर्ण, आणि मध्ये 'कोरियन अजून कच्चं आहे, म्हणून मावशीच्या मदतीने लिहिलंय' अशी ही एक ओळ:

```
한국어가 아직 부족하여 이모의 도움을 받아 작성하였습니다.
```

इमो म्हणजे मावशी. उन्नीचं मत, हा शब्द घरगुती आहे, 'ओळखीच्यांची मदत' लिही. माझं मत, माझे अकरा दिवस गेलेत, इमो राहू दे. भांडण चालू आहे. बहुतेक तीच जिंकेल. सहीत नाव मात्र पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच जाणार, कारण तिच्या नावात 'व' आहे आणि हांगुलमध्ये त्याचा 'ब' होतो.