आतेभाऊ

रात्रीचे साडेबारा. झोप येत नाहीये, आणि कारण सांगितलं तर कुणीही हसेल. चिनूने विचारलं, ‘यातली तू कुठली आंट?’

चिनू दादाचा मुलगा, टोरांटोत राहतो. मराठी पुस्तकातल्या एका पाठाचे फोटो आणि सोबत माझं इंग्रजी भाषांतर मी त्याला पाठवलं होतं. पाठ अगदी साधा होता. भाऊबीजेच्या दिवशी आजोळी जमलेलं घर, ओसरीवर पाट, आणि ओवाळायला माणसांची ही रांग. रविवारी पानांचे फोटो काढले. पुस्तक नीट दाबून सपाट केलं नाही, वर ट्यूबलाइट, त्यामुळे शिवणीजवळची अक्षरं सावलीत गेली. ओळीच्या शेवटी ‘आते’ आणि पुढच्या ओळीत ‘भावाला’ असा तुटलेला शब्द होता. त्यातला ‘आते’ सावलीने खाल्ला. दादाने चिनूला वाचून दाखवलं, ‘तिने भावाला ओवाळलं.’ माझ्या इंग्रजीत मात्र ‘कझिनला’. चिनूने लगेच पकडलं. तिकडून दादा हसतोय, इकडे मी पुस्तकातून शब्द दाखवतेय.

आणि मग माझंच मला हसू येईना. फोटोने चूक करून जे सांगितलं तेच खरं होतं की! कझिन म्हटल्यावर भाऊबीज कसली? आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ सगळे शेवटी भाऊच, म्हणून तर ती पोरगी ताम्हण घेऊन रांगेने सगळ्यांना ओवाळते. शेवटी मी ‘कझिन’ खोडून ‘भाऊ’ केलं आणि पुढे लिहिलं, ‘वडिलांच्या बहिणीचा मुलगा’. ‘बीज’ म्हणजे बी नव्हे, हेही लिहावं लागलं. बीज म्हणजे द्वितीया, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, जशी तृतीयेची तीज. चिनूला वाटलं होतं, त्या दिवशी भाऊ पेरतात.

ओवाळण्यासाठी तर इंग्रजी शब्दच सापडेना. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि अंगठी चेहऱ्याभोवती फिरवायची, मग निरांजन. एवढं सगळं कंसात कुठे मावणार? ‘दिवा फिरवून तुला काही होऊ नये म्हणणे’ इतकंच लिहिलं. एका ओळीपेक्षा मोठा कंस झाला की मुलं पाठ सोडून कंसच वाचत बसतात. बाकीचं फोनवर.

पण आत्या, मावशी, मामी, काकू या चौघींना मी सरसकट ‘आंट’ करून टाकलं होतं. घाईत. वाटलं, त्याला काय कळतंय! आणि त्याने नेमकं तेच विचारलं.

तो मला ‘पुणे आंटी’ म्हणतो. मावशी मात्र मावशीच. ती वीस मिनिटांवर राहते, शनिवारी त्याला पोहायला नेते, तिचा शब्द त्याच्या तोंडी बसणारच. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बारशाला त्याच्या कानात ‘कुर्र’ही तिनेच केलं. तो मान आत्याचा असतो, पण व्हिसा… जाऊ दे.

भाऊबीजेला मी गेली तीन वर्षं गच्चीत जाते. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे, तरी जाते. बिजेची कोर पश्चिमेला अगदी खाली असते, सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ. समोरच्या इमारतीच्या टाकीमागे गेली की संपलं. त्या वेळी टोरांटोत सकाळ असते, दादा ऑफिसच्या गडबडीत. किती रडकी आहे मी! भाऊबीज अजून लांब आहे आणि आज कुठल्या कुठे पोचले.

मग उठून पुन्हा लिहायला बसले. चौघींचे चार मराठी शब्द इंग्रजी वाक्यात तसेच ठेवले आणि पहिल्यांदा येतील तिथे कंस. काकू, वडिलांच्या भावाची बायको. मामी, आईच्या भावाची. मावशी, आईची बहीण. आत्याच्या कंसात मात्र माझा नियम मीच मोडला: वडिलांची बहीण, बाळाचं नाव त्याच्या कानात पहिल्यांदा सांगते, आणि तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

उद्या दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पुस्तकावर काच ठेवून फोटो पुन्हा काढायचे, असं ठरवून हे असंच पाठवलं. तिकडे दुपार होती. दहा मिनिटांत चिनूचा आवाज आला, मागे वहिनीचं हसू:

‘आत्या, म्हणजे तुला धपाटे मिळालेच नाहीत?’

नाही रे. मावशीने खाल्ले माझे.

‘मग मी येईन तेव्हा देतो.’